गणपती समितीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप: पाच महिने नियम लावून पाहिले

आमच्या सोसायटीचा गणपती छोटासाच. समितीत अकरा जण, खजिनदार मी. यंदा जूनच्या पहिल्या बैठकीतच ग्रुपचे नियम ठरवले, कारण मागच्या वर्षी मांडववाल्याला आगाऊ दिलेल्या १२,५०० रुपयांची पावती हरवली. म्हणजे फोटो ग्रुपवर टाकलेला होता, मी त्यावर अंगठाही दिला होता. पण माझ्या फोनवर फोटो आपोआप उतरत नाहीत. दिवाळीनंतर हिशेब लिहायला बसलो तर नुसती धूसर चौकट. आपण उतरवून न घेतलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप कायम सांभाळून ठेवत नाही, हे तेव्हा कळलं. ज्याने टाकला त्याने जागा भरली म्हणून फोन साफ केलेला, आणि मूळ कागद कुणाच्या तरी खिशातून धुलाईत गेलेला.

पहिला नियम: दोन ग्रुप. एक गप्पांचा, एक कामाचा. 'सुप्रभात टाकू नका' असं सांगून कुणी ऐकत नाही, वर सचिवकाका रुसतात. त्यांना टाकायला जागा दिली की काम भागतं. हा नियम पहिल्या आठवड्यातच अंगवळणी पडला.

पावत्यांचं मात्र तसं झालं नाही. ठरलं असं होतं की पैसे दिले त्याच दिवशी फोटो टाकायचा आणि फोटोखाली एक ओळ लिहायची:

```
पावती 07, मांडव आगाऊ, 12500, रोख
```

ही ओळ का, तर शोध अक्षरांवर चालतो. बिलाचा नुसता फोटो नंतर शोधून सापडत नाही. पण जुलैअखेर मी 'पावती' शोधलं तर सोळापैकी नऊच आल्या. बाकीच्यांनी कुणी pavti लिहिलेलं, कुणी 'पावति', कुणी 'बिल'. आकड्यांचंही तेच. ७ आणि 7 आपल्याला एक, फोनला वेगळे. मग ही ओळ ग्रुपच्या माहितीत चिकटवली आणि सांगितलं, तिथून कॉपी करा, फक्त आकडा आणि तपशील बदला. क्रमांक मीच देणार, म्हणजे एकाच नंबरच्या दोन पावत्या होणार नाहीत. वहीत नोंद झाली की त्या मेसेजवर मी बरोबरची खूण ठेवायचो. खूण नाही म्हणजे पैसे परत मिळणार नाहीत, एवढं कळल्यावर सगळे सुधारले.

फुलवाली, हमाल, मूर्ती उतरवणारी मुलं यांची पावती कुठून आणणार? तिथे साध्या कागदावर नाव, रक्कम, तारीख आणि घेणाऱ्याची सही, आणि त्याचाच फोटो. मूळ कागद तरीही पाकिटात हवाच. मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत बिलांची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून त्यांचा फोटो आधी.

निर्णयांसाठी पोल घ्यायचं ठरलं आणि तिथेच आपटलो. महाप्रसाद २२० पानांचा की २५० चा? रविवारी रात्री सहा विरुद्ध चार असं २२० ठरलं, मी आचाऱ्याला कळवलं. बुधवारी बघतो तर पाच-पाच! पोलमधलं मत नंतर बदलता येतं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी ते बदललेलं. "अहो, मी फोनवर काकांना सांगितलं होतं की!" तेव्हापासून वेळ संपली की सचिवकाका स्वतः एक मेसेज लिहितात: 'ठरलं: महाप्रसाद २२० पानं, ६ विरुद्ध ४, जबाबदारी अमुक.' पोल काहीही दाखवो, हाच मेसेज खरा. फोनवर ठरलेलंही इथे लिहिलं जाईपर्यंत ठरलेलं नाही. काकांना हे जड गेलं, कारण त्यांची अर्धी समिती फोनवरच चालते.

महत्त्वाचे मेसेज वर पिन करायची कल्पना फसली. तीनच मेसेज पिन होतात, तेही जास्तीत जास्त ३० दिवस. जून ते ऑक्टोबरच्या कामाला ते पुरत नाही.

फोटोंबद्दल थोडक्यात. ग्रुपवर दिवसाला तीनच, बाकी ड्राइव्हवर तारखेच्या फोल्डरमध्ये. फ्लेक्स छापायचा असेल तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा, नाहीतर तो दाबला जाऊन बाप्पाचा चेहरा फ्लेक्सवर फुटतो. रात्री दहानंतर मेसेज नकोत हा नियम मात्र विसर्जनाच्या आठवड्यात कुणीच पाळला नाही. मीही नाही.

कोजागिरीला हिशेब मांडला. ४६ पावत्यांपैकी ४५ सापडल्या. राहिली ती ३१ नंबरची, दुर्वा आणि हार, ३४० रुपये. नंबर माझ्याकडून मागून घेतला होता, फोटो टाकायचा राहिला. कुणी मागितला होता ते मी लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून ते ३४० सध्या माझ्याच खिशातून गेलेत.