घनाच्या जाळ्याचा रोध: करंट वाटायचा की नोड जोडायचे?

घनाच्या बारा कडांवर बारा सारखे रेझिस्टर, प्रत्येक R एवढा. मुख्य कर्णाच्या दोन टोकांमधला समतुल्य रोध किती? बारावीच्या मुलांना हे गणित कधी ना कधी भेटतेच. उत्तर 5R/6. ते दोन रीतींनी निघते आणि दोन्ही रीती सममितीवरच उभ्या आहेत. वर्गात कुठली शिकवावी किंवा परीक्षेत कुठली वापरावी, असा प्रश्न पडला असेल तर हा आढावा त्यासाठी आहे.

आधी घन नीट डोळ्यांसमोर आणावा. कागदावरच्या तिरप्या चित्रात सममिती दिसतच नाही. दिवाळीत घनाच्या आकाराचा आकाशकंदील एका कोपऱ्याने टांगला आहे असे समजा. सगळ्यात वर एक कोपरा अ, त्याखाली एका पातळीवर तीन कोपरे, त्याखाली आणखी तीन आणि तळाला ब. अ-ब या अक्षाभोवती कंदील 120 अंश फिरवला तर तो तसाच्या तसा दिसतो. दोन्ही रीतींची सगळी मदार या एका फिरवण्यावर आहे.

पहिली रीत करंटची. अ मधून I आत सोडला की तीन कडा एकसारख्या, म्हणून प्रत्येकीत I/3. पुढच्या कोपऱ्यावर दोन वाटा फुटतात, त्याही एकसारख्या, म्हणून I/6. तळाकडच्या कोपऱ्यांवर दोन-दोन प्रवाह मिळून परत I/3. अ पासून ब पर्यंतची कुठलीही एक वाट धरून व्होल्टेजची बेरीज केली की IR/3 + IR/6 + IR/3 = 5IR/6. तीन ओळींत गणित संपले. घाईत असणाऱ्याला ही रीत आवडते, त्यात काही चूक नाही. चूक बहुधा मधल्या टप्प्यावर होते. तीन वाटांची सवय हाताला लागलेली असते आणि मुले तिथे I/6 ऐवजी I/9 लिहितात. दुसऱ्या कोपऱ्यावरही तीन कडा आहेतच, पण त्यातल्या एकीतून करंट येतो आहे, हे विसरायला होते.

दुसरी रीत नोडची. वरच्या पातळीवरचे तीन कोपरे समान व्होल्टेजवर आहेत. समान व्होल्टेजचे दोन बिंदू तारेने जोडले तरी तारेतून करंट वाहत नाही, म्हणजे जाळ्यात काहीही बदलत नाही. तेव्हा ते तिन्ही जोडून एक नोड करा, खालचे तिन्ही जोडून दुसरा. आता अ पासून पहिल्या नोडपर्यंत तीन रेझिस्टर समांतर, दोन्ही नोडांच्या मध्ये सहा, मग ब पर्यंत पुन्हा तीन. R/3 + R/6 + R/3, उत्तर तेच. इथली नेहमीची चूक म्हणजे मधल्या कडा तीनच मोजणे. मग उत्तर R येते. ती लगेच पकडता येते: 3 + 6 + 3 = 12 जुळले पाहिजेत, घनाला कडा बाराच असतात.

इथपर्यंत दोन्ही रीती बरोबरीच्या वाटतात. पारडे झुकते ते पुढच्या उपप्रश्नावर. तोच घन, पण आता एकाच कडेच्या दोन टोकांमधला रोध काढा; या प्रश्नापुरती तीच टोके अ आणि ब. करंटची रीत अंगवळणी पडलेला विद्यार्थी न थांबता I/3 लिहितो आणि सरळ कडेवरून R/3 उत्तर देतो. हे मला या रीतीचे मोठे दुखणे वाटते, कारण उत्तर दिसायला सुबक असते आणि वहीत काही खटकत नाही. पण इथे अ ला मिळणाऱ्या तीन कडा सारख्या नाहीत: एक थेट ब कडे जाते, दोन आडवळणाने. 120 अंशांचे फिरवणे आता चालत नाही. उरते ती फक्त आरशातली सममिती, आणि तीही आडवळणाच्या दोन कडांनाच एकमेकींत बदलते.

नोडची रीत मात्र पहिलाच प्रश्न योग्य विचारायला लावते: कुठले कोपरे समान व्होल्टेजवर आहेत? अ चे आडवळणाचे दोन शेजारी समान, त्यांना क म्हणू. ब चे तसेच दोन समान, ते ड. उरलेल्या दोन कोपऱ्यांची समोरची कड एकटी राहते. क पासून ड पर्यंत थेट R/2, आणि त्या समोरच्या कडेवरून जाणारी वाट R/2 + R + R/2 = 2R. दोन्ही समांतर, म्हणून 2R/5. त्यात अ-क आणि ड-ब यांचे R/2 प्रत्येकी मिळवले की 7R/5. हे सगळे थेट कडेच्या R ला समांतर, म्हणून उत्तर 7R/12. थेट कडेतून I/3 नव्हे, 7I/12 जातो, आणि आडवळणाच्या प्रत्येक कडेतून 5I/24.

पडताळा हवा असेल तर रोनाल्ड फॉस्टरचे 1949 चे प्रमेय आहे. सारख्या R च्या जाळ्यात प्रत्येक कडेच्या टोकांमधले समतुल्य रोध मिळवले की बेरीज नोडांच्या संख्येपेक्षा एक कमी गुणिले R येते. 12 × 7R/12 = 7R, आणि नोड आठ. R/3 धरले तर 4R येतात. तिथेच चूक उघडी पडते.

प्रयोगशाळेतही नोडची रीत सोपी जाते, असे माझे मत. 1 किलोओहमचे, शक्यतो 1 टक्क्याचे बारा रेझिस्टर घ्या आणि घन सोल्डर करा. गोव्याच्या पावसाळ्यात पडून राहिलेल्या रेझिस्टरच्या तारा काळवंडतात, सोल्डर नुसते गोळा होऊन बसते आणि जोड कच्चा राहतो. आधी बारीक पॉलिश पेपरने तारा घासून घ्या. मुख्य कर्णाची टोके पुन्हा अ आणि ब धरली, तर त्यांच्यामध्ये मीटर 833 ओहमच्या आसपास दाखवेल. आता 5 व्होल्ट लावा. ब पासून मोजत गेलात तर खालचे तिन्ही कोपरे 2 व्होल्ट, वरचे तिन्ही 3 व्होल्ट. एकूण करंट 6 मिलिअँपिअर, म्हणजे कडांमध्ये 2, 1, 2. पुरवठा काढा, वरचे तीन कोपरे तारेने खरोखरच जोडा आणि रोध पुन्हा मोजा. आकडा जवळजवळ हलत नाही. चुकून वरचा एक आणि खालचा एक जोडला, तर आकडा लगेच उतरतो. एखादा कोपरा 3 ऐवजी भलतेच काही दाखवत असेल, तर तिथला जोड कच्चा आहे किंवा रेझिस्टर चुकीचा लागला आहे.

करंट वाटून दाखवायचा तर मीटर कडेत घालायला कड कापावी लागते, आणि मीटरचा स्वतःचा रोध त्याच कडेत शिरून सममिती थोडी बिघडवतो. मिलिअँपिअरच्या रेंजवर साध्या मीटरचा रोध काही ओहम असतो. 1 किलोओहमपुढे तो किरकोळ, पण 10 ओहमचे रेझिस्टर घेतले असतील तर वाटणी सरळसरळ बदलते.

नोडच्या रीतीलाही मर्यादा आहेत. अ ला लागलेला एक रेझिस्टर बदलला, तर आरशाची सममिती टिकते आणि वरची एक व खालची एक अशा दोन जोड्या अजूनही जोडता येतात. मधल्या सहांपैकी एक बदलला तर मात्र एकही जोडी समान व्होल्टेजवर राहत नाही आणि समीकरणे मांडावीच लागतात. तरी अ आणि ब यांची अदलाबदल करणारे 180 अंशांचे फिरवणे शिल्लक असते. बदललेल्या कडेच्या दोन टोकांच्या व्होल्टेजची बेरीज लावलेल्या व्होल्टेजइतकी भरते, बाकीच्या दोन जोड्यांचीही तशीच. म्हणून अज्ञात सहा नव्हे, तीनच उरतात.