तक्त्याच्या स्क्रीनशॉटवरून मार्कडाउन: पैसे भरून कित्येक महिने वापरल्यावर

नूतनीकरणाची सूचना आली आणि त्याच आठवड्यात आमच्या पानावर बाथ टॉवेलचं डझनी वजन 450 किलो दिसलं. म्हणून हे लिहिते आहे. सेवेचं नाव देत नाही, कारण माझी तक्रार या प्रकारच्या सगळ्याच सेवांना लागू पडेल असं वाटतं. चित्र टाकायचं, मार्कडाउनचा तक्ता मिळतो, महिन्याला पैसे भरायचे, एवढं तुम्हाला माहीत असेलच.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात कागदपत्रांचं काम बघते. मालाच्या माहितीची पानं आम्ही एमकेडॉक्सवर ठेवतो. तक्ते मात्र डिझाइन विभागातल्या मास्तरांच्या संगणकावर असतात आणि माझ्याकडे येतात ते व्हॉट्सअ‍ॅपवर, स्क्रीनशॉट होऊन. "ताई, फाईल मिळणार नाही, फोटो घ्या," हे उत्तर इतकं ठरलेलं आहे की मी आता फाईल मागतच नाही.

त्या 450 किलोचं कारण समजून घ्यायला हवं, कारण अशी चूक कुठलीही सूचना न देता होते. मास्तरांच्या तक्त्याला उभ्या रेघा होत्या. त्यातली एक रेघ सेवेने अक्षर समजून वाचली आणि जास्तीचा `|` घातला:

```
| बाथ टॉवेल | 30×60 | | डॉबी | 450 | 6.27 |
```

तक्त्याचे रकाने पाच, माल, साईज, बॉर्डर, जीएसएम आणि डझनी वजन, आणि या ओळीत घरं सहा. शीर्षकाची ओळ आणि तिच्याखालची खुणांची ओळ यांतली घरं जुळली नाहीत, तर तक्ता तक्ता म्हणून ओळखलाच जात नाही. पानावर नुसत्या उभ्या रेघा दिसतात आणि चूक लगेच कळते. खालच्या ओळींना हा नियम नाही. गिटहबच्या मार्कडाउनमध्ये ओळीत घरं कमी असली तर शेवटी रिकामी जोडली जातात, जास्त असली तर जास्तीची सोडून दिली जातात. एमकेडॉक्समध्येही तसंच. त्यामुळे बॉर्डरचा रकाना रिकामा झाला, जीएसएमच्या जागी 'डॉबी' आलं, वजनाच्या जागी 450 आलं आणि खरं वजन 6.27 पानावरून गेलं. कुठे लाल अक्षर नाही, कुठे त्रुटी नाही.

आता माझा मुख्य मुद्दा, खुणांची ओळ. `:---` म्हणजे डावीकडे, `---:` म्हणजे उजवीकडे, `:---:` म्हणजे मध्ये. नुसतं `---` लिहिलं तर काहीच सांगितलेलं नसतं आणि निर्णय ब्राउझरवर किंवा पानाच्या थीमवर जातो. थीमने काही ठरवलं नसेल तर शीर्षक मध्ये दिसतं आणि खालचे आकडे डाव्या कडेला चिकटतात. ही सेवा सुरुवातीचे कित्येक महिने सगळ्या रकान्यांना `---` देत होती. लोक म्हणतील, दोन टिंबांवरून एवढं काय? तर, वजनाचा रकाना उजवीकडे लावला आणि सगळ्या आकड्यांना दशांश चिन्हानंतर दोनच अंक असले की टिंबं एकाखाली एक येतात. चित्रातली अक्षरं वाचणारा ओसीआर सगळ्यात सहज गाळतो ते हेच टिंब. 6.27 चं 627 झालं तर उजवीकडे लावलेल्या रकान्यात ते ओळीतून बाहेर पडलेलं दिसतं. डावीकडे लावलेल्या रकान्यात मात्र नजर त्यावरून सरळ निघून जाते. त्यामुळे पान तपासणाऱ्यासाठी ही खूण म्हणजे तपासणीचं साधन आहे आणि पैसे घेणाऱ्या सेवेने ती द्यायलाच हवी.

मी ग्राहक सेवेला लिहिलं. पहिलं उत्तर: चित्र 300 डीपीआयचं पाठवा. स्क्रीनशॉटला डीपीआयचा काही अर्थ नसतो. तो पडद्यावरच्या पिक्सेलचा असतो आणि अक्षर किती पिक्सेल उंच आहे एवढंच ओसीआरच्या कामाचं असतं. तीसेक पिक्सेल उंची असली तर काम नीट होतं, दहा-बारा असली तर टिंबं आणि मात्रा जातात. दुसरं उत्तर: रकाना कुठे टेकलेला आहे हे चित्रावरून कळू शकत नाही, ते मूळ फाईलमध्येच असतं. यावर मात्र मी गप्प बसले नाही, कारण ते कळतं.

टेसरॅक्ट हा ओसीआर फुकट आहे आणि त्याचा कोड खुला आहे. एचपीमध्ये तो तयार झाला, 2005 साली खुला झाला आणि मराठीही वाचतो. त्याला टीएसव्ही मागितलं की प्रत्येक शब्दासोबत तो शब्द चित्रात कुठे आहे तेही देतो:

```
magick takta.png -resize 300% motha.png
tesseract motha.png out --psm 6 -l mar+eng tsv
```

पहिल्या ओळीने चित्र तिप्पट मोठं होतं, दुसरीने `out.tsv` तयार होते. त्यात `left` आणि `width` असे रकाने असतात. `left` ही शब्दाची डावी कड. त्यात `width` मिळवली की उजवी कड. एका रकान्यातल्या सगळ्या शब्दांच्या डाव्या कडा जुळत असतील तर रकाना डावीकडे, उजव्या जुळत असतील तर उजवीकडे, दोन्ही जुळत नसून मधला बिंदू जुळत असेल तर मध्ये. वजनाच्या रकान्यात 12.39 ची डावी कड 800, रुंदी 56. त्याखालच्या 6.27 ची डावी कड 812, रुंदी 44. दोन्हींची उजवी कड 856. म्हणजे `---:`.

यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. शीर्षक या हिशेबात धरायचं नाही, कारण एक्सेलमध्ये लोक शीर्षक मध्ये ठेवतात आणि आकडे उजवीकडे. मार्कडाउनमध्ये एका रकान्याला एकच खूण असते, म्हणून आकड्यांचंच ऐकायचं. आणि दोन-चार पिक्सेलचा फरक सोडून द्यायचा, कारण 1 हा अंक बारीक असतो आणि 1.19 ची कड थोडी सरकते.

जीएसएमचा रकाना मात्र या हिशेबाने सुटत नाही. 500, 450, 400, सगळे तीन अंकी. डाव्या कडाही जुळतात आणि उजव्याही. तिथे चित्र काहीच सांगत नाही, आपणच ठरवायचं. मी संख्येचा रकाना उजवीकडेच लावते.

मध्यंतरी सेवेने नवी आवृत्ती आणली आणि खुणा येऊ लागल्या. मला आनंद झाला, पण तो टिकला नाही. ते शीर्षकाची जागा बघून ठरवत होते. आमची शीर्षकं मध्ये, म्हणून पाचही रकान्यांना `:---:`. वजनाची टिंबं पुन्हा विस्कटली. हे आधीपेक्षा वाईट, कारण नुसतं `---` बघून माणसाला कळतं की खूण लावायची राहिली आहे. `:---:` बघून वाटतं की कुणीतरी विचार करून लावली असेल.

इथपर्यंत माझं मत ठरलं होतं की पैसे बंद करायचे आणि सगळं टेसरॅक्टवर न्यायचं. मग नॅपकिनची ओळ आली. नॅपकिनला बॉर्डर नसते, मास्तरांनी ते घर रिकामं सोडलं होतं. टेसरॅक्ट शब्द देतो. जिथे शब्द नाही तिथे तो काहीच देत नाही. नुसता मजकूर घेऊन मधल्या मोकळ्या जागी `|` घातला तर 400 हा आकडा बॉर्डरमध्ये जातो आणि 0.45 जीएसएममध्ये. प्रत्येक रकान्याची सीमा शीर्षकावरून आणि भरलेल्या ओळींवरून आधी आखून घ्यावी लागते आणि मग शब्द त्या सीमेत टाकावे लागतात. हे काम ही सेवा खरोखर चांगलं करते. रेघा असलेल्या तक्त्यात ती चौकट ओळखते आणि रिकामं घर रिकामंच ठेवते. डॉबी टॉवेलच्या त्या एका रेघेने तिला फसवलं, पण बाकी रिकामी घरं तिने एकदाही हलवली नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

म्हणून आता घरं सेवेकडून घेते आणि खुणांची ओळ कडांवरून स्वतः लिहिते. तयार तक्ता असा:

```
| माल | साईज | बॉर्डर | जीएसएम | डझनी वजन |
| :--- | :---: | :---: | ---: | ---: |
| बाथ शीट | 40×80 | डॉबी | 500 | 12.39 |
| बाथ टॉवेल | 30×60 | डॉबी | 450 | 6.27 |
| नॅपकिन | 12×12 | | 400 | 0.45 |
```

सेवा मूळ मजकुरात `|` एकाखाली एक यावेत म्हणून मोकळ्या जागा भरते. देवनागरीत त्या कधीच जुळत नाहीत, कारण जोडाक्षरं आणि मात्रा मोजून रुंदी कळत नाही. पानावर त्याने काही फरक पडत नाही. मी त्या जागा काढूनच टाकते.

आकडे तपासायला आमच्या धंद्यात एक सोय आहे. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. 30×60 इंचाचा टॉवेल साधारण 1.161 चौरस मीटर भरतो. त्याला 450 ने गुणलं की सुमारे 522.6 ग्रॅम, डझनाचे 6.27 किलो. साईज, जीएसएम आणि वजन यांतला एकही आकडा चुकीचा वाचला गेला तर हा गुणाकार जमत नाही. मास्तर म्हणाले, "ताई, लूमवर दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे होतंच." होत असेल, पण तक्त्यातलं वजन हिशेबाचं आहे, ते जुळायलाच हवं. हा गुणाकार मी प्रत्येक ओळीला करते.

पैशांचं म्हणाल तर मासिक योजना बंद केली. फुकटच्या पातळीवर जेवढी चित्रं मिळतात तेवढी आमच्या नव्या मालाला पुरतात. रोज ढीगभर तक्ते येत असतील आणि त्यांना रेघा असतील, तर पैसे भरणं परवडेल. खुणांची ओळ मात्र हाताने बदलण्याची तयारी ठेवा. तक्ता बिनरेघांचा असेल तर एक रुपयाही देऊ नका.

मास्तरांना एक गोष्ट पटवली, ती सगळ्यांनी पटवावी: व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र फोटो म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं आणि दशांशाची टिंबं आधी पुसट होतात. तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर जसंच्या तसं येतं. आणि दोन रकान्यांवर मिळून एकच शीर्षक असेल, म्हणजे 'वजन' खाली 'नगाचं' आणि 'डझनी', तर कुठल्याही सेवेची वाट बघू नका. गिटहबच्या किंवा एमकेडॉक्सच्या साध्या तक्त्यात घरं जोडताच येत नाहीत. 'नगाचं वजन' आणि 'डझनी वजन' अशी दोन पूर्ण शीर्षकं लिहायची आणि दोन्हींना `---:` लावायचं.