व्हॉट्सअ‍ॅपवरच्या वाक्यांतून गुणतक्ता: सात महिने वापरल्यावर

वारज्यातल्या आमच्या सोसायटीत फुटबॉलच्या स्पर्धा होतात. संघांना किल्ल्यांची नावं आहेत, पुण्यात दुसरं काय असणार! वेळापत्रक कोणीतरी ग्रुपवर वाक्यांत टाकतं, आणि त्याचा तक्ता करायचं काम सात महिन्यांपूर्वी माझ्या गळ्यात पडलं. गूगल शीट्समध्ये एक फाइल बनवली, त्यावर तीन स्पर्धा काढल्या. फाइल आता बरी चालते. पहिल्या स्पर्धेत चालत नव्हती, आणि चुका बहुतेक माझ्याच होत्या.

मेसेज साधारण असे येतात: "शनिवारी पावणेआठला तोरण्याची राजगडशी, लगेच नंतर सिंहगड विरुद्ध पुरंदर. रविवारी पुरंदरवाले नाही म्हणाले तर त्यांची मॅच परवाच घेऊ." माणसाला हे कळतं. मी मात्र हुशारी करायला गेलो आणि "विरुद्ध" या शब्दावर वाक्य तोडणारं सूत्र लावलं. निम्म्या सामन्यांत तो शब्दच नव्हता. मग संघांची नावं शोधायचं ठरवलं. राजगड, सिंहगड, पुरंदर सापडायचे, कारण "राजगडशी" मध्ये "राजगड" अख्खा असतो. तोरणा मात्र गायब. विभक्ती लागली की तो "तोरण्या" होतो, आणि "तोरणा" शोधलं तर "तोरण्याची" सापडत नाही. त्यावर उपाय एवढाच की शेवटचा स्वर सोडून "तोरण" शोधायचं:

```
=REGEXMATCH(J2,"तोरण")
```

हे सूत्र मी आता फक्त तपासणीपुरतं ठेवलंय. चार संघांच्या गटात सहाच सामने असतात. ते हाताने भरायला दहा मिनिटं लागतात, आणि सूत्रं दुरुस्त करण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती. संघांच्या रकान्यांत ड्रॉपडाउन लावला, त्यामुळे "सिंहगड" आणि "सिंहगड " (शेवटी स्पेस) असे दोन वेगळे संघ होणं थांबलं.

रकाने असे: A क्रमांक, B तारीख, C वेळ, D मैदान, E आणि F संघ, G आणि H गोल, I विजेता. J मध्ये मूळ वाक्य जसंच्या तसं. शेवटचा रकाना मला आधी फालतू वाटला होता. पण "तू चुकीची वेळ लिहिलीस" असा फोन आला की तोच कामी येतो. मदतीला आलेल्या आठवीतल्या मुलाने "पावणेआठ" म्हणजे ८:१५ धरलं होतं, आणि एक संघ अर्धा तास उशिरा उतरला. "परवा" तर मी तारीख विचारल्याशिवाय भरतच नाही. मेसेज आज वाचला की काल, यावर तो दिवस बदलतो, आणि आपल्याकडे गेलेला परवाही परवाच असतो. सामना पुढे गेला तर नवी ओळ घालत नाही, त्याच ओळीतली तारीख बदलतो. नाहीतर "तोरणा–सिंहगड" आणि "सिंहगड–तोरणा" अशा एकाच सामन्याच्या दोन ओळी होतात.

गोल दोन वेगळ्या रकान्यांत का? सुरुवातीला मी एकाच चौकटीत 2-1 टाइप केलं. शीटने त्याची तारीख केली, आणि बेरजेत गोलांऐवजी पंचेचाळीस हजारांच्या पुढचा आकडा आला. ती चूक निदान लगेच दिसली. दुसरी लपून राहिली. विजेत्याच्या सूत्रात मी फक्त G आणि H ची तुलना केली होती. न खेळलेल्या सामन्यात दोन्ही चौकटी रिकाम्या, म्हणजे सारख्या, म्हणजे बरोबरी! स्पर्धा सुरू होण्याआधीच प्रत्येक संघाचे तीन-तीन गुण झाले होते. आता सूत्र असं आहे:

```
=IF(OR(G2="",H2=""),"",IF(G2>H2,E2,IF(G2<H2,F2,"बरोबरी")))
```

गुणतक्त्यात आणखी एक गोम आहे. सामन्यांच्या तक्त्यात सामना एकदाच येतो, पण गुणतक्त्यात तो दोन संघांच्या खात्यावर पडतो. त्यामुळे प्रत्येक आकडा E मध्ये एकदा आणि F मध्ये एकदा असा दोनदा शोधायचा. K2 मध्ये संघाचं नाव असेल तर केलेले गोल असे:

```
=SUMIF(E:E,K2,G:G)+SUMIF(F:F,K2,H:H)
```

अर्धं सूत्र राहिलं तरी तक्ता खरा वाटतो, म्हणून खाली एक तपासणीची ओळ ठेवलीये. सगळ्यांच्या गोलफरकाची बेरीज शून्य यायलाच हवी, आणि एकूण विजय एकूण पराभवांइतके. नाही आले तर तक्ता ग्रुपवर टाकायचा नाही.

या फाइलमध्ये मला सगळ्यात आवडतो तो भाग मी केवळ हौसेने केला होता: संघ आडवे, तेच संघ उभे, आणि मधे निकाल. दुसऱ्या स्पर्धेत गट असा संपला (आडव्या ओळीतल्या संघाचे गोल आधी):

| | तोरणा | राजगड | सिंहगड | पुरंदर |
|---|---|---|---|---|
| तोरणा | – | २-१ | ०-१ | १-० |
| राजगड | १-२ | – | ३-१ | २-० |
| सिंहगड | १-० | १-३ | – | ५-० |
| पुरंदर | ०-१ | ०-२ | ०-५ | – |

तीन संघांचे सहा-सहा गुण, आणि पुढे जाणार दोनच. गोलफरक सिंहगड +४, राजगड +३, तोरणा +१. माझी फाइल गोलफरकावर क्रम लावत होती, म्हणून सिंहगड आणि राजगड पुढे. तोरण्याचा कॅप्टन, आमच्याच मजल्यावरचे काका, दारात आले. म्हणाले, "अरे, पुरंदरचे दोघं लग्नाला गेलेले, त्यांना पाच मारले त्याचं कसलं कौतुक? आपापसातलं बघ ना!"

पुरंदरची ओळ आणि रकाना बोटांनी झाकला, की उरतो तो तिघांचा छोटा गट. त्यातही प्रत्येकाचा एक विजय, एक पराभव. पण त्यातला गोलफरक राजगड +१, तोरणा ०, सिंहगड –१. म्हणजे या नियमाने राजगड आणि तोरणा पुढे, आणि मोठ्या तक्त्यात पहिला असलेला सिंहगड बाहेर! दोन्ही नियम जगात चालतात. युरो स्पर्धेत आपापसातले सामने आधी बघतात, २०१८ आणि २०२२ च्या विश्वचषकात एकूण गोलफरक आधी होता. आमच्याकडे कुठलाच लिहिलेला नव्हता. फाइलमध्ये गोलफरक आधी होता तो केवळ मला तेवढंच सूत्र जमलं म्हणून. शेवटी सिंहगड–तोरणा सामना पुन्हा खेळवला, रात्री साडेदहाला, टर्फचं भाडं वर्गणीतून.

तेव्हापासून गुणतक्त्याच्या वरच्या ओळीत क्रमाचा नियम शब्दांत लिहितो आणि पहिल्या सामन्याआधी कॅप्टनांकडून "ओके" घेतो. तिघांची बरोबरी मात्र अजून हातानेच सोडवतो. दोघांपुरतं सूत्र सोपं आहे, तिघांना आधी छोटा गट वेगळा काढावा लागतो, आणि ते सूत्र मला उद्या वाचता येईल याची खात्री नाही. त्यापेक्षा जाळी आणि बोटं बरी.

आपापसातही सगळं सारखं निघालं तर काय, हे काकांनीच विचारलं. २०१८ च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल तसेच अडकले होते: गुण सारखे, गोल सारखे, आपापसातला सामना २-२. जपानला पिवळी कार्डं चार, सेनेगलला सहा, म्हणून जपान पुढे गेला. काकांना ते फार पटलं. मी फाइलमध्ये कार्डांचा रकाना घातलाय, पण तो रिकामाच आहे. आमच्या रेफ्रीकडे कार्डंच नाहीत, तो शिट्टी वाजवून आईला फोन करतो.