रिक्रूटरच्या तारखांची शीट: काही महिने वापरल्यावर

पुण्यात टेस्टिंगमधली नोकरी शोधताना मी गूगल शीट्समध्ये एक साधी यादी ठेवली. आता नवीन ठिकाणी रुजू झाले आहे, म्हणून अनुभव लिहिते. नौकरी डॉट कॉमवर प्रोफाइल अपडेट केलं की फोनांचा पाऊस पडतो. कोणी व्हॉट्सॲपवर, कोणी मेलवर, कोणी थेट कॉलवर, आणि प्रत्येक जण 'दोन दिवसांत कळवतो' म्हणतो. ते दोन दिवस कधी संपले हे डोक्यात राहत नाही.

बहुतेक जण अर्ज कधी केला ती तारीख लिहून ठेवतात. मला ती फारशी उपयोगी पडली नाही. खरे कामाचे रकाने दोनच: सध्या कोणाकडे अडलंय, आणि उत्तर कधी देतो म्हणाले. म्हणून सी रकान्यात शेवटचं बोलणं, डीमध्ये 'माझ्याकडे' किंवा 'त्यांच्याकडे', ईमध्ये कबूल केलेली तारीख आणि एफमध्ये ती किती वेळा पुढे ढकलली, असं ठेवलं. 'दोन-तीन दिवसांत' असं मोघम उत्तर आलं तर मी तिथल्या तिथे विचारायचे, "मग गुरुवारी संध्याकाळी मेसेज केला तर चालेल ना?" हो म्हटलं की तीच तारीख. तारीख उलटलेली ओळ लाल व्हावी म्हणून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हे सूत्र टाकलं:

```
=AND($D2="त्यांच्याकडे",$E2<>"",$E2<TODAY())
```

मधली अट गाळू नका. रिकामा रकाना शून्य धरला जातो, त्यामुळे तारीख न दिलेल्या ओळीही लाल होतात. शीटचं लोकेल अमेरिकेचं असेल तर ५ जुलै म्हणून लिहिलेलं 05/07 हे ७ मे होतं, आणि 18/07 तर तारीख न राहता नुसता मजकूर बनतो. मजकूर झालेली ओळ कधीच लाल होत नाही. ओळखायची खूण म्हणजे खरी तारीख रकान्यात उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे राहतो. फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकेल भारत करा, आणि आधी भरलेल्या तारखा एकदा तपासून घ्या.

एफ रकान्याचं महत्त्व मला एका कन्सल्टन्सीमुळे कळलं. दुसरा राउंड गुरुवारी झाला, फीडबॅक सोमवारी मिळणार होता. मंगळवारी सकाळी ओळ लाल दिसली, मी दोन ओळींचा मेसेज केला. उत्तर आलं, "पॅनेल बिझी आहे, शुक्रवारी सांगते." एफमध्ये १. पुढच्या सोमवारी पुन्हा विचारलं, तर बुधवार. एफमध्ये २. गुरुवारी मात्र 'काही अपडेट?' असं न विचारता सरळ लिहिलं, "मॅडम, पोझिशन होल्डवर आहे का? तसं असेल तर मी बाकीच्या इंटरव्ह्यूच्या तारखा पक्क्या करते." तासाभरात फोन आला: बजेटची मंजुरी अडकली होती, महिनाभर काही हलणार नव्हतं. 'काही अपडेट?'ला 'लवकरच कळवते' हे उत्तर पुरतं. हो-नाहीच्या प्रश्नाला बहुधा खरं उत्तर मिळतं. तेव्हापासून दोनदा तारीख ढकलली गेली की तिसरा मेसेज असाच, हा नियम ठेवला.

आणखी एक रकाना नंतर जोडला, आणि तो पहिल्या दिवसापासून हवा: कोणत्या क्लायंटसाठी कोणाला सीव्ही पाठवायची परवानगी दिली. एकाच कंपनीत दोन कन्सल्टन्सींनी तुमचा सीव्ही टाकला तर कमिशनवरून वाद नको म्हणून काही कंपन्या उमेदवारच बाजूला ठेवतात. क्लायंटचं नाव सांगितल्याशिवाय हो म्हणू नका. त्याच ओळीत त्यांना सांगितलेली सीटीसीची अपेक्षा आणि नोटीस पीरियडही लिहा.

शीटचा सगळ्यात मोठा फायदा ऑफर हातात आल्यावर झाला. स्वीकारायला शुक्रवारपर्यंत मुदत होती. ई रकान्याने यादी लावली, तर ज्यांची तारीख त्याच आठवड्यात होती अशा दोनच कंपन्या खऱ्या अर्थाने चालू दिसल्या. दोघांनाही ऑफरची मुदत कळवली. एकीने अंतिम राउंड बुधवारवर आणला, दुसरीने जमणार नाही असं स्पष्ट सांगितलं. बाकीच्यांसाठी थांबायचं कारणच उरलं नाही.

मर्यादाही आहेत. कॉलवरचं बोलणं आपोआप शीटमध्ये येत नाही, फोन ठेवल्या ठेवल्या लिहावं लागतं, संध्याकाळी आठवून लिहिलेल्या तारखा चुकतात. मोबाइलवर शीट भरणं कटकटीचं आहे, म्हणून मी रकाने कमीच ठेवले. चार-पाच ठिकाणीच बोलणी चालू असतील तर कॅलेंडरमधला रिमाइंडर पुरेसा आहे. आणि गप्प बसलेला रिक्रूटर यामुळे बोलका होत नाही, तो गप्प आहे हे फक्त वेळेवर समजतं. त्या ओळी मी खोडल्या नाहीत, 'बंद' लिहून खाली सरकवल्या, कारण होल्डवर गेलेली पोझिशन पुन्हा उघडली की त्याच रिक्रूटरचा फोन येतो आणि आधी काय बोलणं झालं होतं ते समोर हवं असतं.