लेबल की स्वतंत्र प्रकार? हेल्प डेस्कच्या ट्रॅकरमधील तीन नोंदींची तुलना

हेल्प डेस्कचा ट्रॅकर नव्याने मांडताना एक निर्णय लवकर घ्यावा लागतो. सगळी तिकिटे एकाच यादीत ठेवून त्यांना इन्सिडेंट, सर्व्हिस रिक्वेस्ट आणि प्रॉब्लेम अशी लेबले लावायची, की तिन्हींसाठी स्वतःचे टप्पे आणि स्वतःची मुदत असलेले वेगळे प्रकार करायचे? माझ्या मते हा प्रश्न तिन्ही नोंदींसाठी सारखा नाही. पहिल्या दोघींचे लेबलवर भागू शकते, तिसरीचे भागत नाही.

इन्सिडेंट म्हणजे चालू असलेली सेवा बंद पडणे किंवा मंदावणे. सेवा पूर्ववत झाली की तो बंद होतो, मग कारण कळलेले असो वा नसो. रिक्वेस्टमध्ये काही बिघडलेले नसते. नवा लॅपटॉप किंवा एखाद्या फोल्डरचा प्रवेश अशी ठरलेल्या वाटेने पुरवायची मागणी असते. आयटी सेवा चालवण्याच्या आयटीआयएल या मार्गदर्शक चौकटीच्या दुसऱ्या आवृत्तीत अशा मागण्या इन्सिडेंटच्या प्रक्रियेतूनच जात असत. 2007 च्या तिसऱ्या आवृत्तीने त्यांना वेगळी प्रक्रिया दिली. यामागची व्यावहारिक अडचण आकड्यांत चटकन दिसते. नऊ बिघाड प्रत्येकी 2 तासांत सुटले आणि लॅपटॉपची एक मागणी व्यवस्थापकाच्या मंजुरीसाठी 72 तास थांबली, तर एकत्रित सरासरी 9 तास येते. त्या आकड्यावरून बिघाडांविषयी किंवा मागणीविषयी काहीही खरे कळत नाही.

तरीही एवढ्यासाठी स्वतंत्र प्रकार हवेतच असे नाही. लेबलनुसार वेगळी मुदत लावता येत असेल, मंजुरीची वाट पाहताना घड्याळ थांबवता येत असेल आणि अहवाल लेबलवार निघत असतील, तर तीन-चार जणांच्या डेस्कला एकच यादी सोयीची पडते. मागण्यांचे अर्ज, मंजुरीचे टप्पे आणि पुरवणारे गट वाढू लागले की मात्र स्वतंत्र प्रकार बरा, कारण एकाच अर्जात सगळे रकाने कोंबले की ते कोणीच नीट भरत नाही. वर्गीकरण वापरकर्त्यावर सोपवू नये. त्याला ‘काहीतरी बंद पडले आहे’ आणि ‘मला काहीतरी हवे आहे’ एवढेच दोन पर्याय द्यावेत आणि प्रकार बदलण्याचा अधिकार तिकीट हाती घेणाऱ्याकडे ठेवावा. विसरलेल्या पासवर्डवर वाद घालण्यात वेळ जातो. तो मी रिक्वेस्टमध्ये धरतो, कारण त्याची कृती आधीच ठरलेली असते आणि कारण शोधायचे नसते.

प्रॉब्लेम म्हणजे एका किंवा अनेक इन्सिडेंटमागचे मूळ कारण. त्याचे लेबल कुठे अपुरे पडते, हे एका उदाहरणावरून पाहू. पाहुण्यांच्या वायफायसाठी, उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरवर 200 पत्ते आहेत आणि विंडोज सर्व्हरवरील 8 दिवसांची मूळ लीज, म्हणजे एका उपकरणासाठी पत्ता राखून ठेवण्याची मुदत, तशीच ठेवलेली आहे. रोज सुमारे 40 नवी उपकरणे येतात. त्यामुळे पाच दिवसांत पत्ते संपतात, आणि निघून गेलेल्या फोनचा पत्ता मात्र आठ दिवस अडकून राहतो. त्यानंतर येणाऱ्याच्या लॅपटॉपला सर्व्हरकडून पत्ता मिळत नाही, त्याने स्वतःच घेतलेला 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसतो आणि इंटरनेट चालत नाही. तंत्रज्ञ सर्व्हरवरची एक जुनी नोंद काढतो, लॅपटॉप पुन्हा जोडतो आणि 20 मिनिटांत तिकीट बंद करतो. अशी अकरा तिकिटे झाली तरी प्रत्येक मुदतीत सुटलेले असल्यामुळे अहवाल उत्तमच दिसतो.

आता यांपैकी एका तिकिटावर ‘प्रॉब्लेम’ लेबल लावले, तर कारण सापडेपर्यंत ज्याचे काम कधीच झाले आहे अशा वापरकर्त्याचे तिकीट उघडे राहते. बंद केले, तर तपासही त्याबरोबर बंद होतो. शिवाय उरलेली दहा तिकिटे सुटीच राहतात. अडचण नावाची नसून रचनेची आहे: येथे अकरा नोंदींना एक कारण आहे आणि त्या कारणाचे आयुष्य कोणत्याही तिकिटापेक्षा मोठे आहे. म्हणून प्रॉब्लेमची नोंद वेगळी उघडावी, अकराही इन्सिडेंट तिला जोडावेत, तिला नावानिशी एक जबाबदार माणूस द्यावा आणि तासांची मुदत न लावता पुढच्या आढाव्याची तारीख द्यावी. कारण कळताच ती ‘नोन एरर’ ठरते; जुनी नोंद काढण्याचा तात्पुरता उपाय तिच्यात लिहिला की बाराव्या तिकिटावर कोणाला नव्याने शोध घ्यावा लागत नाही. लीज 8 तासांवर आणण्याचा बदल रीतसर मंजूर करून घ्यावा. त्यानंतर दोन-तीन आठवडे नवा इन्सिडेंट जोडला गेला नाही, तरच ही नोंद बंद करावी.

साध्या ट्रॅकरमध्ये स्वतंत्र प्रकार करता येत नसेल, तरी तिकिटे एकमेकांना जोडण्याची सोय बहुधा असते. तेवढ्यावरही वेगळी प्रॉब्लेम-नोंद चालवता येते. मात्र प्रत्येक इन्सिडेंटमागे एक प्रॉब्लेम उघडण्याची शिस्त लावू नये. तशाने महिन्याभरात कोणी न उघडणारी दुसरी यादी तयार होते. तेच लक्षण तिसऱ्यांदा दिसले, किंवा एकाच बिघाडाने मोठे काम अडले, तेव्हा नोंद उघडावी.