रजेचा अर्ज : हकिगतीचा बरा की तारखांचा?

सरकारी कचेरीत रजेचे अर्ज साधारण दोन तऱ्हेचे येतात. एक हकिगतीचा : घरची परिस्थिती, अडचण, विनवणी, आणि तारीख कुठेतरी शेवटी. दुसरा तारखांचा : विषयातच 'पासून-पर्यंत', कारण एका ओळीत, बाकी कामाचं. आस्थापनेच्या टेबलावर दोन्ही हाताळले आणि स्वतःसाठी दुसरा निवडला. हकिगतीच्या अर्जालाही जागा आहे. मार्चअखेरीस सगळे अडकलेले असताना रजा हवी असेल, किंवा एकदा नामंजूर झालेली पुन्हा मागायची असेल, तर दोन ओळी जास्त लिहिलेल्या बऱ्या.

माझ्यापुरता निकाल मात्र 'चार-पाच दिवस' या दोन शब्दांनी लावला. मे 2025 मधला, अशा अनेक अर्जांवरून बेतलेला हा मसुदा पाहा :

"माझी आई बरेच महिने आजारी असून तिला मधुमेह आहे. भाऊ लक्ष देत नाही, सर्व भार माझ्यावर आहे. तिच्या डोळ्याचे ऑपरेशन असल्याने पुढील सोमवारपासून चार-पाच दिवस रजा मिळावी. आपण मायबाप आहात. रजा न मिळाल्यास तिच्या डोळ्याचे काही बरेवाईट होईल."

पुढचा सोमवार म्हणजे 12 मे, बुद्धपौर्णिमेची सुट्टी. त्याआधी शनिवार-रविवार. म्हणजे रजा खरी सुरू होते मंगळवारी, 13 तारखेला. चार दिवस धरले तर शुक्रवार 16 ला संपते आणि खात्यातून चारच दिवस जातात. पाच धरले तर पाचवा दिवस येतो सोमवारी 19 तारखेला. मधले शनिवार-रविवार अर्जित रजेत मोजले जातात, म्हणून पाचाचे सात होतात. किरकोळ रजा असती तर मधल्या सुट्ट्या धरल्या नसत्या, पण कुठली रजा हवी हेही अर्जात नाही. चार लिहायचे की सात, हे लिपिकाने ठरवायचं नसतं. मग अर्ज परत जातो नाहीतर फोनाफोनी होते, आणि तोवर ऑपरेशनचा दिवस उजाडतो.

मधुमेह आणि भाऊ हे दोन्ही गाळावेत असं मला वाटतं. अर्ज आवक नोंदवहीतून लिपिक, अधीक्षक करत साहेबांपर्यंत जातो आणि नंतर नस्तीत राहतो. भावाबद्दलचं वाक्य पुढे कोणीही वाचेल, आणि मंजुरीला त्याचा काडीचा उपयोग नाही. स्वतःच्या आजाराच्या रजेतही आजाराचा तपशील वैद्यकीय प्रमाणपत्रात असावा, अर्जात 'वैद्यकीय कारणास्तव' एवढं पुरतं.

शेवटचं वाक्य सगळ्यात घातक. लिहिणाऱ्याच्या मनात फक्त काळजी असते, हे खरं. पण वाचणाऱ्याला ते धमकीसारखं लागतं : नाही म्हटलं तर आईच्या डोळ्याचा दोष साहेबांवर. माझ्या पाहण्यात असा अर्ज लगेच मंजूर होण्याऐवजी 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन खाली येतो. सही करणाऱ्याला खरी धास्ती असते ती टेबल रिकामं राहण्याची, आणि त्यावर मसुद्यात अवाक्षर नाही.

दुरुस्त करताना मी आधी दिनदर्शिका समोर घेतो, तारखा पक्क्या करतो आणि त्यांना न लागणारं सगळं खोडतो. उरतं ते असं :

"विषय : दि. 13/05/2025 ते 16/05/2025, 4 दिवस अर्जित रजा मिळणेबाबत.
आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया दि. 14/05/2025 रोजी मिरज येथे ठरली असून सोबत राहणे आवश्यक आहे. सबब वरील रजा मंजूर व्हावी. रजेपूर्वीच्या दि. 10 ते 12 व नंतरच्या दि. 17 व 18 या सुट्ट्या जोडून घेण्यास आणि दि. 9 रोजी कार्यालयीन वेळेनंतर मुख्यालय सोडण्यास परवानगी मिळावी. माझ्याकडील देयकांचे काम शेजारील टेबलाचे सहकारी पाहतील. त्यांची संमती घेतली आहे. दि. 19/05/2025 रोजी हजर होईन."

सहकाऱ्याचं नाव प्रत्यक्षात घालावं. आई इथेही आहे, फक्त एका वाक्यात, आणि त्या वाक्याला तारीख आहे. कोरडं वाटेल कुणाला, पण मंजुरीचा आदेश काढणाऱ्याला यातलं वाक्य जसंच्या तसं उचलता येतं.

एक अडचण या पद्धतीतही राहते. डॉक्टरांनीच किती दिवस ते सांगितलं नसेल तर पक्की तारीख आणायची कुठून? तेव्हाही मी 'साधारण' लिहीत नाही. जवळची एक तारीख धरतो आणि 'आवश्यकता भासल्यास मुदतवाढीचा अर्ज सादर करीन' अशी ओळ जोडतो. तो अर्ज मात्र मूळ रजा संपण्याआधी पोचला पाहिजे, आणि त्यातही नवी तारीख हवी. वरच्या उदाहरणात वाढ 19 पर्यंत मागितली, तर 17 आणि 18 पुन्हा रजेत धरले जातील, हे आधीच हिशेबात घ्यावं.