मासिक की रोजच्या लेन्स: वापराच्या दिवसामागे खर्च किती?

दुकानातल्या किमती ताडून पाहिल्या, तर मासिक लेन्स निर्विवाद स्वस्त वाटतात. मीही त्याच भरवशावर दोन वर्षे त्या वापरल्या. माझा हिशोब चुकला तो भाजकात, कारण मी खर्चाला महिन्याच्या तीस दिवसांनी भागत होतो आणि लेन्स मात्र जेमतेम दहा दिवस घालत होतो. एरवी चष्माच असे.

रोजच्या लेन्स एक दिवस घालून टाकून द्यायच्या असतात. त्यांच्या एका जोडीची किंमत म्हणजे एक एकक धरू. माझ्या बाबतीत मासिक जोडी नऊ एककांना पडे आणि महिन्याचे सोल्यूशन, डबीसह, तीन एककांना. हे बारा एकक महिन्याला ठरलेलेच. चोवीस दिवस वापर झाला तर दिवसाला अर्धे एकक पडते, बारा दिवसांना बरोबरी होते आणि दहा दिवसांना तोच खर्च १.२ वर जातो. आपापल्या किमती घालून हा बरोबरीचा दिवस प्रत्येकाने काढावा. तो थोडा मागेपुढे सरकेल.

मला खरा जाच झाला तो तारखेचा. मासिक लेन्सची मुदत पाकीट फोडल्या दिवसापासून मोजतात, घातलेल्या दिवसांवरून नव्हे. मी डबीच्या झाकणावर पेन्सिलीने तारीख लिहीत असे, आणि सर्दीने आठवडाभर चष्म्यावर काढला तरी ती तारीख काही थांबत नसे. सोल्यूशनचेही तेच. माझ्या बाटलीवर उघडल्यापासून नव्वद दिवसांची मर्यादा छापलेली होती, त्यामुळे उरलेली पाव बाटली दर खेपेला मोरीत ओतावी लागे. ते वाचवण्यासाठी डबीतल्या जुन्या द्रवातच नवा भर घालण्याचा मोह होतो, पण तसे केल्याने द्रवाची जंतू मारण्याची ताकद घटते. डबी रोज पूर्ण रिकामी करूनच भरावी लागते.

वार्षिक तपासणी दोन्ही प्रकारांना सारखीच लागते, म्हणून तुलनेत ती वजा होते. फरक पडतो तो जादा फेरीने. एका वर्षी डोळा लाल झाल्यामुळे मला अशी एक फेरी पडली. तिचे शुल्क साधारण चोवीस एकक होते, म्हणजे वर्षाच्या १२० दिवसांवर दिवसामागे आणखी ०.२. शिवाय डॉक्टरांनी लेन्स आठवडाभर बंद ठेवायला सांगितल्या आणि चालू जोडी टाकून द्यायला लावली. दोष लेन्सचा होता की माझ्या डबी धुण्यातल्या आळसाचा, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण रोजच्या लेन्समध्ये डबीच नसते, त्यामुळे त्या आळसाला वावही उरत नाही.

महिन्यातले वीस-पंचवीस दिवस लेन्स घालणाऱ्याने आणि डबी नेमाने धुणाऱ्याने मासिक सोडण्याचे पैशांच्या दृष्टीने तरी कारण दिसत नाही. बाराच्या खाली असलेल्याने मात्र, माझ्या मते, रोजच्याच घ्याव्यात. घालताना एखादी फाटली, तरी अर्ध्या एककावर निभावते. माझी मासिक लेन्स चौथ्या दिवशी नखाने फाटली, तेव्हा साडेचार एकक गेले होते.